क्षेत्रकार्याचा अहवाल रखडला आहे, मुदतवाढीचं पत्र कसं लिहू?

प्रश्न: मी समाजशास्त्रात एम.ए. करते. रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकांवरचा क्षेत्रकार्याचा अहवाल शुक्रवारी, 6 मार्चला द्यायचा होता. दिला नाही. बारा मुलाखती ठरल्या होत्या, आठ झाल्या. मग रक्षकांच्या सुपरवायझरने तिथे बोलायची परवानगी काढून घेतली, आणि मुलाखत दिलेल्या एका रक्षकाने नंतर ‘माझं बोलणं वापरू नका’ असं सांगितलं. आज सोमवार, 9 मार्च. मी मॅडमना अजून काहीच कळवलेलं नाही. मैत्रिणी म्हणतात, आजारी होते असं लिही. नेमकं काय लिहू आणि किती दिवस मागू?

उत्तर:

पत्र आजच पाठव. मुदत उलटून गेल्यावर प्रत्येक दिवसागणिक पत्राचा सूर बदलत जातो. सोमवारी आलेलं पत्र ‘उशीर झाला, आता असं करते’ असं वाचलं जातं. तेच पत्र गुरुवारी आलं तर मॅडमना आधी प्रश्न पडतो की ही एवढे दिवस गप्प का होती, आणि मग तुझं कारण कितीही खरं असलं तरी ते त्या गप्प राहण्याची सफाई वाटू लागतं. मी अशी पत्रं बरीच वर्षं वाचत आलो आहे. अहवाल उशिरा येण्याचा फारसा त्रास होत नाही. अहवाल येणार आहे की नाही हेच माहीत नसणं जास्त त्रासाचं, कारण शिक्षकालाही पुढे गुण पाठवायची तारीख असते.

आजारपणाचा सल्ला सोडून दे. खोटं बोलू नये हे तर आहेच, पण क्षेत्रकार्यात ते खोटं टिकतही नाही. तुझ्या सामग्रीत जागोजागी तारखा आहेत: संमतिपत्रावर सहीखाली, टिपणवहीच्या प्रत्येक पानावर, रेकॉर्डिंगच्या फाइलवर. ज्या आठवड्यात तू अंथरुणात होतीस म्हणतेस, त्याच आठवड्यातलं रात्री अकराचं निरीक्षण अहवालात सापडलं की पुढचं सगळंच संशयाने वाचलं जाईल. शिवाय तुझं खरं कारण आजारपणापेक्षा कितीतरी भक्कम आहे. ज्याच्या परवानगीने आपण क्षेत्रात शिरतो तो माणूस मध्येच दार बंद करतो, एखादा उत्तरदाता संमती मागे घेतो, या गोष्टी क्षेत्रकार्य केलेल्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असतात. त्यांना अभ्यासपद्धतीच्या प्रकरणात जागा असते. आजारपणाला फार तर सहानुभूती मिळेल.

आता पत्रात काय असावं. बहुतेक विद्यार्थी स्वतःच्या स्थितीबद्दल लिहितात: फार ताण होता, खूप प्रयत्न केले, झोप झाली नाही. मॅडमना ठरवायचं आहे ते वेगळंच. तुला किती दिवस द्यायचे हे त्या तुझ्याजवळची सामग्री आज कुठल्या टप्प्यावर आहे त्यावरून ठरवणार. रेकॉर्डिंग नुसतं पडून आहे, ऐकून उतरवलं आहे, की उतरवून त्याचं कोडिंगही, म्हणजे मजकुराच्या तुकड्यांना विषयवार खुणा देणंही, झालं आहे? टिपणं वहीत घाईने खरडलेली आहेत की घरी येऊन सविस्तर लिहिलेली? या टप्प्यांमधलं अंतर समाजशास्त्राच्या शिक्षकाला नीट कळतं. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांच्या क्षेत्रकार्याच्या संस्कारित टिपणांच्या तिन्ही प्रती 1970 मध्ये स्टॅनफर्ड इथे लावलेल्या आगीत जळाल्या, ही गोष्ट आपल्या विषयात सगळ्यांना माहीत आहे. कच्च्या टिपणांपासून लिहिता येईल अशा सामग्रीपर्यंत किती काम असतं हे त्या प्रसंगाने साऱ्या विषयाला कळलं. तेव्हा ‘काम बरंचसं झालंय’ असं मोघम लिहू नकोस. किती मुलाखती कुठल्या टप्प्यावर आहेत ते दोन ओळींत सांग.

तुझ्या आठपैकी किती उतरवून झाल्या हे तू लिहिलेलं नाहीस, म्हणून मी चार धरतो. एक मागे घेतली गेली, ती आता हिशेबातच नाही. म्हणजे वापरता येण्याजोग्या सात, त्यातल्या तीन उतरवायच्या राहिल्या. प्रत्येकी पन्नास मिनिटं धरली तर अडीच तासांचं रेकॉर्डिंग झालं. एक तासाचं बोलणं शब्दशः उतरवायला नवख्या माणसाला चार ते सहा तास लागतात. तुझी मुलाखत रात्री, फाटकाशेजारी झालेली, मध्ये गाड्या आणि हॉर्न, कुणीतरी येऊन रजिस्टर मागणारं. तिथे सहाच धर. पंधरा तास झाले. तासिका आणि बाकीचे विषय सांभाळून दिवसाला चार तास मन लावून बसता येत असेल, तर हे चार दिवसांचं काम. सात मुलाखतींचं कोडिंग, प्रत्येकी दोन तास, म्हणजे चौदा तास. त्यालाही चार दिवस. निष्कर्षाची प्रकरणं लिहायला आणखी चार. बारा झाले. त्यावर दोन दिवस हातचे राखून ठेव, कारण एखादं रेकॉर्डिंग अपेक्षेपेक्षा वाईट निघतंच. चौदा दिवस, म्हणजे सोमवार, 23 मार्च.

हा हिशेब पूर्ण पत्रात मांडायची गरज नाही, पण तारीख त्यातूनच यायला हवी. ‘थोडे दिवस’ किंवा ‘एक आठवडा’ ही मागणी अंदाजपंचे असते आणि ती तशीच वाचली जाते. विद्यार्थी बहुतेक वेळा कमीच दिवस मागतात, जास्त मागायची लाज वाटते म्हणून. मग आठवड्याने दुसरं पत्र लिहावं लागतं. पहिल्या मुदतवाढीला शिक्षक सहसा अडवत नाहीत; दुसऱ्या वेळी मात्र पहिलंही पत्र काढून परत वाचतात.

आता राहिलेल्या चार मुलाखतींचं काय? इथे थांबून विचार कर, कारण तुझ्या पत्राचा खरा निर्णय हाच आहे. वेळ वाढवून मागणं आणि अभ्यासाचा आवाका कमी करून मागणं या दोन वेगळ्या विनंत्या आहेत आणि त्या एकाच वाक्यात मिसळल्या की गोंधळ होतो. तुला वाटत असेल की मुदतवाढ मिळाली की दुसरीकडे जाऊन बाराचा आकडा पुरा करू. मी तरी तसं सुचवणार नाही. दुसऱ्या जागी नव्याने परवानगी, पुन्हा ओळख, पुन्हा विश्वास बसेपर्यंतचे दिवस, हे चौदा दिवसांत बसत नाही. आणि गुणात्मक अभ्यासात बारा हा आकडा पवित्र नसतो. तो आराखड्यात धरलेला अंदाज असतो. पाहायचं ते इतकंच की शेवटच्या दोन-तीन मुलाखतींत नवं काही येत होतं का. पाळी बदलण्याची पद्धत, झोपेचं गणित, रहिवाशांशी बोलण्याची रीत हे सगळेच जण सांगत असतील, तर सातांवरही अहवाल उभा राहतो, विशेषतः तुझ्याकडे रात्रीच्या निरीक्षणाची टिपणं असतील तर. पण एखादा गटच पूर्ण सुटला असेल, समजा नुकतेच कामावर लागलेले रक्षक किंवा महिला रक्षक, तर ती मर्यादा आकड्याने भरून निघत नाही. ती पत्रात एका वाक्यात कबूल कर आणि अहवालाच्या मर्यादांमध्ये लिही.

एक मार्ग तुझ्या डोक्यात आला असेलच: रक्षकांचे फोन नंबर आहेत, त्यांना कामाच्या बाहेर, सुपरवायझरला न कळवता भेटावं. याचा निर्णय तू एकटीने घेऊ नकोस. रक्षक प्रौढ आहेत, स्वतःच्या वेळेत कुणाशी बोलायचं हा त्यांचा हक्क आहे हे खरं. पण सुपरवायझरने ‘नाही’ म्हटल्यानंतर ते तुझ्याशी बोलले हे कळलं तर पाळी बदलली जाते, जागा बदलली जाते, कधी कामावरून काढलंही जातं. तुला एका अहवालाची चिंता आहे, त्याला पगाराची. म्हणून पत्रात हे प्रश्न म्हणून विचार, आणि मॅडम ‘नको’ म्हणाल्या तर विषय संपला.

यानंतरचा मुद्दा असा आहे जो बाकी विषयांच्या मुदतवाढीच्या पत्रांत येतच नाही, आणि समाजशास्त्रात हमखास चुकतो. उशीर का झाला हे पटवून देण्याच्या भरात विद्यार्थी उत्तरदात्यांची गुपितं पत्रात ओतून टाकतात. मी वाचलेल्या पत्रांत हे वारंवार दिसतं: जागेचं नाव, सुपरवायझरचं नाव, ‘मागच्या फाटकावर बसणाऱ्या काकांनी कमी पगाराबद्दल सांगितलं म्हणून साहेब चिडले’. संमतिपत्रात आपण नाव गुप्त ठेवायचं वचन दिलेलं असतं आणि ते वचन आपणच ईमेलमध्ये मोडतो. हा ईमेल मॅडमपुरता राहील याची खात्री नसते. मुदतवाढीला विभागप्रमुखांची मंजुरी लागत असेल तर तो पुढे जातो, कार्यालयात त्याची प्रत निघते. आणि एका आवारात पाच-सहाच रक्षक असतील, तर नाव न लिहिताही ‘मागच्या फाटकावरचे’ एवढ्यावरून माणूस ओळखू येतो.

त्यामुळे परवानगी मागे घेतली गेली एवढंच लिही. का घेतली गेली हे लिहू नकोस. संमती मागे घेणाऱ्या रक्षकाचं कारण तर अजिबात नको. खरं म्हणजे ते कारण तू त्याला विचारायलाही नको होतंस, संमती मागे घेताना कारण द्यावं लागत नाही. मॅडमना कळायलाच हवं असं काही असेल, समजा रक्षकांपैकी कुणाला तुझ्या अभ्यासामुळे त्रास होण्याची शक्यता, तर ‘काही बाबी प्रत्यक्ष भेटून सांगायच्या आहेत’ इतकं लिही. अनुभवी शिक्षकाला त्यातलं गांभीर्य कळतं आणि ते लेखी न मांडल्याबद्दल तुझ्याविषयी चांगलं मत होतं.

पुरावा म्हणून रेकॉर्डिंग किंवा सही केलेल्या संमतिपत्रांचे फोटो जोडायचा मोहही आवर. त्याऐवजी एक लहानसा तक्ता जोड. त्यात प्रत्येक मुलाखतीला एक सांकेतिक क्रमांक, ती किती मिनिटांची आहे आणि सध्या कुठल्या टप्प्यावर आहे हे असावं. नेमकी तारीख नको, ‘फेब्रुवारीचा तिसरा आठवडा’ असं चालेल, कारण तारीख आणि पाळीचं वेळापत्रक शेजारी ठेवलं की कोण बोललं ते कळतं. मूळ नोंदवही तुझ्याजवळ आहेच. मॅडमना पाहायची असेल तर त्या बोलावतील.

मागे घेतलेल्या मुलाखतीचं आजच निपटून टाक, म्हणजे पत्रात ‘काढून टाकली आहे’ असं भूतकाळात लिहिता येईल. संमतिपत्रात काय लिहिलं होतं ते आधी वाच. बहुतेक नमुन्यांत ‘कधीही माघार घेता येईल’ असं असतं, काहींत त्यासाठी ठराविक तारीख दिलेली असते. तारीख दिलेली असो वा नसो, त्याने अहवाल जमा होण्यापूर्वी सांगितलं आहे, तेव्हा मान द्यायलाच हवा. रेकॉर्डिंग, उतरवलेला मजकूर, मोबाइलमधली आणि ड्राइव्हवरची प्रत, सगळं काढ. सहसा विसरतात ती दुसरीच जागा: निरीक्षणाच्या टिपणांत तो माणूस येतो, आणि दुसऱ्या कुणाच्या मुलाखतीत त्याचा उल्लेख येतो. पहिल्यातून त्याला ओळखता येईल असा भाग काढ. दुसऱ्यात बोलणाऱ्याचं म्हणणं राहू दे, पण या माणसाची ओळख पुसून टाक.

आता प्रत्यक्ष पत्र. मी ते असं लिहिलं असतं. विद्यार्थी क्रमांक आणि विषयपत्रिकेचं नाव तुझ्याप्रमाणे घाल. मॅडमशी तुमचा पत्रव्यवहार इंग्रजीत चालत असेल तर रचना हीच ठेव.

विषय: क्षेत्रकार्य अहवाल (मुदत 6 मार्च): 23 मार्चपर्यंत मुदतवाढीची विनंती

आदरणीय मॅडम,

रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकांवरील माझा क्षेत्रकार्य अहवाल 6 मार्चला द्यायचा होता. मी तो दिलेला नाही आणि मुदतीपूर्वी आपल्याला कळवलंही नाही. त्याबद्दल क्षमस्व. अहवाल सोमवार, 23 मार्चला देण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.

ठरलेल्या बारापैकी आठ मुलाखती झाल्यावर क्षेत्रात जाण्याची परवानगी मागे घेतली गेली. त्यानंतर एका उत्तरदात्याने संमती मागे घेतली. संमतिपत्रानुसार त्यांची सामग्री मी काढून टाकली आहे. वापरता येतील अशा सात मुलाखती आणि रात्रीच्या निरीक्षणाची टिपणं माझ्याकडे आहेत. चार मुलाखती उतरवून झाल्या आहेत, तीन बाकी आहेत. प्रस्तावना, पूर्व-अभ्यासाचा आढावा आणि अभ्यासपद्धती ही प्रकरणं लिहून झाली आहेत.

उरलेलं काम असं करणार आहे: 12 मार्चपर्यंत तीन मुलाखती उतरवणं, 16 मार्चपर्यंत कोडिंग, 20 मार्चपर्यंत विश्लेषणाची प्रकरणं, त्यानंतर तपासणी.

आपल्याला गुण त्याआधी पाठवायचे असतील, तर उतरवून झालेल्या चार मुलाखती आणि निरीक्षणं यांवर आधारलेला लहान अहवाल मी 16 मार्चला देऊ शकेन. यांपैकी काय योग्य ठरेल ते आपण सांगावं.

एका बाबतीत मार्गदर्शन हवं आहे. सात मुलाखतींवर अहवाल पूर्ण करावा असं मला वाटतं. नव्याने कामावर लागलेल्या रक्षकांपैकी कुणाशीही बोलणं झालेलं नाही, ही मर्यादा त्यात स्पष्ट लिहीन. उरलेल्या रक्षकांना त्यांच्या कामाच्या बाहेर भेटणं योग्य होईल का, हे आपल्याला विचारल्याशिवाय मी ठरवणार नाही. याविषयी काही बाबी प्रत्यक्ष भेटून सांगायच्या आहेत. आपल्या सोयीची वेळ कळवावी.

सोबत अभ्यासपद्धतीचं प्रकरण आणि मुलाखतींच्या सद्यस्थितीचा तक्ता जोडला आहे.

आपली विद्यार्थिनी,
(नाव, वर्ग, विद्यार्थी क्रमांक)

काही गोष्टी मी यात मुद्दाम अशा ठेवल्या आहेत. विषयाच्या ओळीतच जुनी आणि नवी तारीख दिली आहे, कारण मॅडमच्या पेटीत या आठवड्यात अशी पाच पत्रं असतील आणि कार्यालयाला विचारताना त्यांना तीच ओळ शोधावी लागेल. माफी एकदाच आहे. मुदतीपूर्वी कळवलं नाही हे वेगळं कबूल केलं आहे; तुझी खरी चूक तेवढीच आहे, परवानगी जाणं ही तुझी चूक नव्हे, म्हणून त्याची माफी मागू नकोस. आणि 16 मार्चचा पर्याय तुझ्या सोयीसाठी दिलेला नाही. चार मुलाखतींचं कोडिंग दोन दिवसांत होतं, लेखनाला चार दिवस, म्हणजे 14 तारखेला काम संपून एक दिवस हाताशी राहतो. शिक्षकाचे हात मुदतीने बांधलेले असतील तर ‘नाही’ म्हणण्याऐवजी त्यांना निवडायला काहीतरी मिळतं. माझ्याकडे आलेल्या पत्रांत असा दुसरा पर्याय क्वचितच असायचा, आणि असला की उत्तर लवकर जायचं.

अभ्यासपद्धतीचं प्रकरण तयार नसेल तर ते तयार आहे असं लिहू नकोस. मग त्या वाक्याच्या जागी जे खरोखर झालं आहे ते घाल, आणि दिवसांचा हिशेब पुन्हा कर. जोडण्यासारखं काहीच नसेल तर किमान तक्ता आणि प्रकरणांची रूपरेषा जोड. तक्ता करायला अर्धा तास लागतो आणि क्षेत्रात तू खरंच गेली होतीस हे त्यातून सांगावं न लागता दिसतं.

उत्तर काय येईल? ‘ठीक आहे, 23 ला द्या’ असं आलं तर आभाराची एक ओळ पाठव आणि कामाला लाग. गुण कापले जातील असं आलं तरी त्याच ईमेलमध्ये घासाघीस नको. नियम तोच असेल तर मॅडमच्याही हातात काही नसतं, आणि नियमात सवलत असेल तर ती प्रत्यक्ष भेटीत विचारणं बरं. मुदतवाढ नाकारली गेली तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आहे तेवढं जमा कर: झालेली प्रकरणं, चार मुलाखतींवरचं विश्लेषण जसं असेल तसं, आणि मर्यादा स्पष्ट लिहिलेल्या. उत्तरच आलं नाही तर बुधवारी विभागात जाऊन भेट. दुसरा ईमेल टाकत बसू नकोस. दरम्यान 12 तारखेला, उत्तर असो वा नसो, तीन मुलाखती उतरवून झाल्याची एक ओळ त्याच पत्राला जोडून पाठव. ठरवलेल्या तारखेला ठरवलेली गोष्ट झाली हे दिसलं की 23 तारखेवर विश्वास बसतो.

शेवटी एक गोष्ट, जी तू विचारलेली नाहीस पण मुदत उलटल्यावर रात्री दोन वाजता सुचते: उरलेल्या चार मुलाखती मनाने लिहून टाकाव्यात. हे पकडलं जातं आणि पकडायला फार हुशारी लागत नाही. खऱ्या मुलाखतीत माणूस प्रश्नाचं उत्तर देता देता भलतीकडे जातो, मध्येच उठून फाटक उघडतो, परत येऊन ‘काय म्हणत होतो मी?’ विचारतो, पगाराच्या प्रश्नाला मुलाच्या शाळेचं उत्तर देतो. रचलेल्या मुलाखतीत प्रश्नावलीच्या क्रमाने उत्तरं येतात, प्रत्येक जण पूर्ण वाक्यांत बोलतो, आणि चौघांचीही भाषा लिहिणाऱ्याच्या भाषेसारखी असते. शिवाय मॅडम एका मुलाखतीचं रेकॉर्डिंग किंवा टिपणवहीचं पान मागू शकतात. तेव्हा उशिरा दिलेल्या अहवालाचे पाच-दहा गुण जाण्याचा प्रश्न उरत नाही, सगळं क्षेत्रकार्यच रद्द होऊ शकतं.

परवानगी गेल्याची हकीकत मात्र वाया घालवू नकोस. कुठल्या टप्प्यावर सुपरवायझरचं वागणं बदललं, आधी तो स्वतः माणसं ओळख करून देत होता का, कुणाशी बोलावं हे तो सुचवत होता का, हे अभ्यासपद्धतीत एक-दीड पान लिही, अर्थात ओळख लपवून. त्याने निवडून दिलेल्याच रक्षकांशी तुझं बोलणं झालं असेल तर तुझ्या सातही मुलाखतींवर त्याचा परिणाम आहे, आणि विश्लेषणाला बसण्यापूर्वी ते तुला स्वतःलाच तपासून पाहावं लागेल.